करंगळी पोहोचते कुठवर

माझी मुलगी साडेआठ वर्षांची असताना तिच्या अर्ध्या व्हायोलिनवर एक छोटासा बदल माझ्या लक्षात आला. डी तारेवर मधले बोट आणि अनामिका शेजारी शेजारी ठेवून वाजवायचा सेमिटोन, म्हणजे अर्ध्या स्वराचे अंतर, तिला अचानक जड जाऊ लागला होता. आदल्या वर्षी याच दोन बोटांना एकमेकांना चिकटून बसण्याची तिला वेगळी आठवण करून द्यावी लागे. आता ती आपोआप चिकटत होती, आणि तरीही वरचा स्वर किंचित चढत होता, कारण बोटांची टोके रुंद झाली होती आणि त्या दोन स्वरांमध्ये जेमतेम 12 मिलिमीटर जागा होती. मी व्हायोलिन शिकवते, त्यामुळे या खुणेचा अर्थ मला ठाऊक होता. तिचा हात या वाद्यातून बाहेर पडू लागला होता. मात्र जुने वाद्य लहान पडू लागणे आणि पुढचे वाद्य पेलण्याइतका हात वाढलेला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामध्ये कित्येकदा अनेक महिन्यांचे अंतर असते. आमच्या घरी ते अंतर सात महिन्यांचे होते. त्या सात महिन्यांत आम्ही काय पाहिले, काय मोजले आणि कशाची वाट पाहिली, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी एक गैरसमज बाजूला करायला हवा. लहान मुलांच्या व्हायोलिनना 1/4, 1/2, 3/4 अशी अपूर्णांकांची नावे आहेत, पण ती नावेच आहेत, मापे नव्हेत. पूर्ण व्हायोलिनच्या पेटीची, म्हणजे मान वगळून केवळ देहाची, लांबी साधारण 355 मिलिमीटर असते. अर्ध्या व्हायोलिनची तीच लांबी 310 मिलिमीटरच्या आसपास भरते आणि पाऊण व्हायोलिनची 335 च्या आसपास. म्हणजे ‘अर्धे’ व्हायोलिन प्रत्यक्षात पूर्ण व्हायोलिनच्या लांबीच्या सुमारे सत्त्याऐंशी टक्के असते. हे मुद्दाम सांगते, कारण अर्ध्यावरून पाऊणवर जाणे ही फार मोठी उडी असेल अशी भीती काही पालकांना वाटते, तर काहींना त्या दोन वाद्यांमध्ये नुसत्या डोळ्यांना विशेष फरकच दिसत नाही आणि मग थोडे मोठे घेतले तर काय बिघडते असे वाटू लागते. दुसरी समजूत पहिलीपेक्षा अधिक धोक्याची आहे. लांबीतला फरक खरोखरच दोन-अडीच सेंटीमीटरचा असतो, पण नऊ वर्षांच्या मुलाच्या हाताला तो सगळा पेलावा लागतो, आणि त्यातही सर्वांत दुबळ्या बोटाला सर्वांत अधिक.

माप घेण्याची रूढ रीत अशी, की मुलाने डावा हात खांद्याच्या उंचीवर बाजूला सरळ पसरायचा, तळवा वर करायचा, आणि मानेच्या कडेपासून तळव्याच्या मध्यापर्यंतचे अंतर टेपने मोजायचे. हे अंतर 51 सेंटीमीटरच्या आसपास असेल तर अर्धे, 56 च्या आसपास असेल तर पाऊण, आणि 58 ते 59 च्या पुढे गेले की पूर्ण व्हायोलिन, असे कोष्टक साधारणपणे वापरले जाते. निरनिराळ्या कोष्टकांत एखाद-दोन सेंटीमीटरचा फरक आढळतो. मी तळव्यापर्यंतच्या मापासोबत मनगटापर्यंतचेही माप घेते आणि दोन्ही एका वहीत तारखेसह लिहून ठेवते. तळव्याचे माप मुलाला जास्तीत जास्त किती मोठे वाद्य झेपेल ते सांगते, आणि मनगटाचे माप कोणते वाद्य निवांतपणे झेपेल ते सांगते. दोन्ही मापे एकाच आकाराकडे बोट दाखवत असतील तर प्रश्न सोपा असतो. पण ती वेगवेगळे आकार सुचवत असतील तर मी लहान आकाराच्या बाजूने उभी राहते.

माझ्या मुलीच्या हाताचे माप तेव्हा 53 सेंटीमीटर होते, म्हणजे कोष्टकाच्या दोन ओळींच्या बरोबर मध्ये. अशा वेळी टेपकडून उत्तर मिळत नाही. टेपला हाताची लांबी कळते, परंतु तळव्याची रुंदी, बोटांची लांबी, करंगळी अनामिकेच्या कितव्या पेरापर्यंत येते, सांधे किती मोकळे आहेत, यांपैकी काहीच कळत नाही. सारख्याच लांबीच्या हातांच्या दोन मुलांना वेगवेगळ्या आकाराची व्हायोलिने लागलेली मी पाहिली आहेत.

म्हणून टेपनंतर वाद्य हाती द्यावे लागते. व्हायोलिन वाजवण्याच्या नेहमीच्या स्थितीत हनुवटीखाली ठेवायचे आणि डावा हात त्याच्या खालून पुढे नेऊन बोटे स्क्रोलभोवती, म्हणजे मानेच्या टोकाच्या त्या गुंडाळीभोवती, वळवायला सांगायची. बोटे सहज वळून आत येत असतील आणि कोपर तरीही थोडे वाकलेले राहत असेल, तर वाद्याची लांबी चालण्यासारखी आहे. कोपर ताठ झाल्याशिवाय स्क्रोल हाती लागत नसेल, तर वाद्य मोठे आहे, मग टेप काहीही म्हणो. मुलीने पहिल्यांदा उसन्या आणलेल्या पाऊण व्हायोलिनवर हे करून पाहिले तेव्हा बोटांची फक्त टोके स्क्रोलला लागली, आणि तेवढ्यासाठीही तिने खांदा पुढे ढकलला. खांदा पुढे आला की मिळालेले माप खोटे असते, हे तिच्या लक्षात आणून दिले. तिने खांदा मागे घेतला आणि बोटे स्क्रोलपासून सुटली.

कोपर वाकलेले राहण्यावर माझा इतका भर का, याचे कारण सांगायला हवे, कारण सगळी मेख तिथेच आहे. व्हायोलिनच्या चार तारांपैकी सर्वांत खालच्या सुराची, ‘जी’ नावाची तार डाव्या हातापासून सर्वांत दूर असते. त्या तारेवर बोटे नीट वरून पडायची तर कोपर व्हायोलिनखालून उजवीकडे, म्हणजे छातीकडे, सरकावे लागते. त्याने तळवा बोटांसकट फिंगरबोर्डच्या, म्हणजे तारांखालच्या लांब पट्टीच्या, वर येतो आणि करंगळीला वाकूनही तार गाठता येते. वाकलेले कोपर असे सरकू शकते, पण ताठ झालेल्या हाताला सरकायला वावच उरत नाही. मग मूल दुसरा मार्ग काढते. ते मनगट आत कोसळू देते, इतके की व्हायोलिनची मान तळव्यावर टेकते, आणि करंगळी सरळ ताणून कशीबशी तारेवर टेकवते. अशी ताणलेली करंगळी तार दाबते खरी, पण तिच्यात ताकद नसते, ती कंप देऊ शकत नाही, आणि तिला पोहोचवण्यासाठी पहिले बोट, म्हणजे तर्जनी, आपल्या जागेवरून उठते. पहिले बोट उठले की हाताची चौकट मोडते आणि प्रत्येक स्वर नव्याने शोधावा लागतो.

शिकवायला लागल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत एका मुलाच्या बाबतीत माझी चूक झाली, आणि ती माझ्या मनातून अजून गेलेली नाही. त्याच्या वडिलांनी, वारंवार वाद्य बदलावे लागू नये म्हणून, त्याच्यासाठी एक आकार मोठे व्हायोलिन घेतले. त्यांनी मला विचारले होते, “बाई, मुलगा झपाट्याने वाढतोय, सहा महिन्यांत हे त्याला बरोबर होईल ना?” आणि मी होकार दिला होता. मुलगा खरोखरच वाढला आणि आठ महिन्यांनी ते व्हायोलिन त्याच्या मापाचे झाले. पण त्या आठ महिन्यांत त्याच्या हाताने जे शिकून घेतले ते वाढीबरोबर गेले नाही. मनगट आत कोसळलेलेच राहिले, डावा खांदा वर उचललेला राहिला, आणि जिथे करंगळी लावायची तिथे तो पुढच्या तारेचा मोकळा स्वर घेऊ लागला, कारण तेवढ्याने सूर तर बरोबर लागत होता. पुढचे जवळजवळ वर्षभर आम्ही दोघे ते मनगट सोडवत बसलो. तो कधी कुरकुरला नाही. मलाच प्रत्येक तासाला त्या होकाराची आठवण येत असे. तेव्हापासून ‘वाढत्या अंगाचे’ हा कपड्यांना शोभणारा हिशेब मी व्हायोलिनला लागू पडू देत नाही.

लहान पडलेल्या वाद्यावर मूल काही महिने राहिले तर त्याचेही तोटे आहेत. बोटांची गर्दी होते, हात चेहऱ्याच्या फार जवळ येतो, कोपर गरजेपेक्षा जास्त दुमडते, गज टोकापर्यंत ओढताना वाव संपतो. हे सगळे खरे असले, तरी त्यातून लागलेल्या सवयी मोठे वाद्य हाती आल्यावर बऱ्याचशा आपोआप सुटतात. मोठ्या वाद्याने लावलेल्या सवयी मात्र सुटत नाहीत. दोन्हींचे वजन सारखे नाही.

तर मग पुढचे वाद्य झेपते आहे हे नेमके कशावरून ओळखायचे? माझे उत्तर करंगळीपाशी येऊन थांबते, आणि त्यामागे साधे गणित आहे. मोकळ्या तारेपेक्षा एक पंचम वरचा स्वर करंगळीने घ्यायचा असतो. तारेचा दोन तृतीयांश भाग कंप पावला की पंचम मिळतो, म्हणून करंगळी नटपासून, म्हणजे स्क्रोलच्या बाजूला तारा टेकतात त्या बारीक पट्टीपासून, तारेच्या एक तृतीयांश अंतरावर पडते. पहिल्या बोटाचा स्वर मोकळ्या तारेच्या एक टोन वर असतो आणि त्याची जागा नटपासून एक नवमांश अंतरावर येते. आमच्या अर्ध्या व्हायोलिनवर नटपासून ब्रिजपर्यंतची, म्हणजे पेटीवर तारा पेलणाऱ्या उभ्या तुकड्यापर्यंतची, तार 285 मिलिमीटर भरली, आणि उसन्या आणलेल्या पाऊण व्हायोलिनवर 308. म्हणजे अर्ध्यावर पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंत हाताला 63 मिलिमीटर उघडावे लागत होते, आणि पाऊणवर 68. फरक फक्त पाच मिलिमीटरचा, पण लहान मुलाच्या हाताच्या उघडण्याला जी मर्यादा असते तिच्या काठावर हे पाच मिलिमीटर येतात. पूर्ण व्हायोलिनवर तार साधारण 328 मिलिमीटर असते आणि हेच अंतर जवळजवळ 73 होते.

यावरून माझी कसोटी ठरली आहे. पहिले बोट जी तारेवर आपल्या जागी ठेवायचे आणि उचलायचे नाही. मग दुसरे, तिसरे आणि शेवटी करंगळी, अशी एकेक बोटे ठेवत जायची. करंगळी वाकलेली राहून, टोकावर, योग्य सुरात पडली पाहिजे. मनगट सरळ राहिले पाहिजे. अंगठ्याने मान आवळली जाता कामा नये. हे जमले की मुलाने ते वाद्य वीस मिनिटे, नेहमीचे काहीतरी वाजवत, खांद्यावर ठेवायचे आणि पुन्हा तीच कसोटी द्यायची. ताजा हात बऱ्याच गोष्टी रेटून नेतो. थकलेला हात त्या रेटू शकत नाही, म्हणून दुसऱ्या वेळचे उत्तर मी खरे मानते.

पहिल्या प्रयत्नात, 53 सेंटीमीटरला, माझ्या मुलीची करंगळी जी तारेवर पडली तेव्हा पूर्ण सरळ होती आणि पहिले बोट उठले. आम्ही व्हायोलिन परत केले. तीन महिन्यांनी माप 54 च्या थोडे पुढे गेले होते. डी आणि ए तारांवर सगळे छान जमले, जी तारेवर सुरुवातीला जमले आणि वीस मिनिटांनंतर नाही. त्या दिवशी ती रडली. तिच्यासोबत शिकणाऱ्या दोघी मोठ्या व्हायोलिनवर गेल्या होत्या आणि तिला तो आपला पराभव वाटत होता. “आई, माझं हे व्हायोलिन आता वाजतच नाही,” असे ती म्हणाली, आणि तिच्या त्या वाक्यात तथ्य होते.

लहान व्हायोलिनची पेटी लहान असते, तिच्यातील हवेचा अनुनाद वरच्या स्वरांकडे सरकलेला असतो, आणि त्यामुळे जी तारेच्या खालच्या स्वरांना पेटीची साथ कमी मिळते. कान घडू लागलेल्या मुलाला हे ऐकू येते आणि ते अधिक आवाजासाठी गज तारेवर दाबू लागते. पण आकाराला दोष देण्याआधी मी तिच्या तारा तपासल्या. त्या सव्वा वर्ष जुन्या होत्या, त्यांचे बाहेरचे वेष्टन बोटांखाली घासून गेले होते आणि पंचमात जुळवल्यावरही करंगळीचा स्वर एका तारेवर एक तर दुसऱ्या तारेवर दुसराच येत होता. आम्ही त्याच आकाराच्या नव्या तारा चढवल्या. ब्रिज तारांच्या ओढीने फिंगरबोर्डकडे झुकला होता, तो सरळ उभा करून घेतला. वाद्य मोठे झाले नाही, पण ते पुन्हा बोलू लागले, आणि पुढचे चार महिने तिने ते आनंदाने वाजवले. मला वाटते, आवाज बसला म्हणून आकार बदलण्याची घाई करणाऱ्यांपैकी अनेकांना नव्या तारांचीच गरज असते.

तिसऱ्या प्रयत्नाच्या वेळी माप 55.5 होते. स्क्रोलभोवती बोटे वळली आणि कोपर वाकलेले राहिले. जी तारेवर करंगळी वाकून पडली. वीस मिनिटांनी पुन्हा पडली, थोडी थरथरत, पण पहिले बोट हलले नाही. व्हायोलिन घरी राहिले.

यानंतरचे पंधरा-वीस दिवस सुरांच्या दृष्टीने वाईट जातात, आणि ते तसे जाणार हे आधीच माहीत असलेले बरे. हाताने जुनी अंतरे इतकी पक्की केलेली असतात की मोठ्या वाद्यावरही बोटे जुन्या जागीच पडतात आणि स्वर उतरतात. मात्र सगळे सारखे उतरत नाहीत. पहिल्या बोटाची जागा आमच्या दोन वाद्यांमध्ये अडीच मिलिमीटरने सरकली होती, त्यामुळे तो स्वर सेमिटोनच्या साधारण सहाव्या हिश्शाने उतरत होता. तेवढे पुष्कळदा ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. करंगळीची जागा जवळजवळ आठ मिलिमीटरने सरकली होती, आणि तिचा स्वर निम्म्या सेमिटोनहून अधिक उतरत होता. मुलाला वाटते की आपली करंगळीच बिघडली. प्रत्यक्षात चूक पहिल्या बोटापासून थोडी थोडी साठत येऊन करंगळीवर उघड होते. म्हणून फक्त करंगळीला वर ताणायला सांगितले तर हात पुन्हा जुन्याच मार्गाने कोसळू लागतो. पहिल्या बोटापासून अख्खी चौकट नव्याने उघडावी लागते.

आम्ही त्या दिवसांत एकही नवी रचना घेतली नाही. रोज दहा मिनिटे फक्त दोन ताळे घ्यायचे असे ठरवले. डी तारेवर अनामिकेने जी वाजवायचा आणि शेजारची मोकळी जी तार आपोआप झंकारते का, ते पाहायचे. सूर अचूक असेल तरच ती झंकारते. मग डी तारेवरच करंगळीने ए वाजवायचा आणि तो मोकळ्या ए तारेशी मिळवून घ्यायचा. फिंगरबोर्डवर खुणेच्या पट्ट्या चिकटवण्याचा मोह मी टाळला, कारण माझ्या मुलीचा कान या दोन ताळ्यांवर भरवसा ठेवण्याइतका तयार होता. अगदी नवख्या मुलासाठी मी पहिल्या आणि तिसऱ्या बोटाची पट्टी काही आठवडे जरूर लावते. परीक्षा किंवा कार्यक्रम पंधरवड्यावर आला असताना आकार बदलू नये, हा सल्ला या दिवसांमुळेच देतात, आणि तो पाळण्यासारखा आहे.

गज आम्ही लगेच बदलला नाही. उजव्या हाताला एकाच वेळी नव्या लांबीची सवय लावण्याची घाई नव्हती, आणि अर्ध्याच्या गजाने पाऊण व्हायोलिन महिनाभर व्यवस्थित वाजते. उलट पाऊणचा गज तिला दिला तेव्हा पहिल्याच दिवशी दिसले, की टोकाकडे जाताना तिचा उजवा हात पुरत नव्हता आणि गज तिरका होऊन फिंगरबोर्डवर चढत होता. गजाची लांबी व्हायोलिनच्या नावावरून न ठरवता उजव्या हाताच्या पोहोचीवरून ठरवावी, हे तेव्हा मी वहीत लिहून घेतले. तो गज तिला आणखी दीड महिन्याने बरोबर झाला. हनुवटी टेकवायच्या चिनरेस्टची उंची मात्र पहिल्याच आठवड्यात बदलावी लागली. मोठ्या पेटीबरोबर बसवलेले चिनरेस्ट बरेचदा उंच असते, आणि डोके मागे झुकले की खांदा वर येतो.

आता ती दहा वर्षांची आहे आणि पाऊणवर स्थिर आहे. पूर्ण व्हायोलिन हा शेवटचा आकार असल्यामुळे तिथवर पोहोचण्याची तिला घाई आहे, मला नाही. पाऊण व्हायोलिनवर पुष्कळ मोठे संगीत वाजवता येते, आणि काही प्रौढ वादक लहान हातामुळे पूर्णच्या जरा अलीकडचे 7/8 आकाराचे वाद्य कायम वापरतात.

अर्धे व्हायोलिन आम्ही तारा किंचित सैल करून ठेवले होते, पूर्ण सैल नाही, कारण तारांचा दाब पूर्ण गेला की पेटीच्या आत उभा असलेला साउंडपोस्ट नावाचा लाकडी दांडा पडू शकतो. गेल्या महिन्यात माझ्याकडे शिकणाऱ्या एका सात वर्षांच्या मुलीसाठी ते बाहेर काढले. तिचे हाताचे माप 49 सेंटीमीटर होते, पाव व्हायोलिनवर तिची बोटे एकमेकांना लागत होती, आणि तिची आई फार आशेने पाहत होती. स्क्रोलभोवती बोटे वळली. जी तारेवर पहिले बोट ठेवले, दुसरे, तिसरे, आणि मग करंगळी. ती सरळ होऊन पडली आणि पहिले बोट सुटले. मी वहीत तारीख आणि दोन्ही मापे लिहिली, व्हायोलिन पेटीत ठेवले, आणि त्यांना तीन महिन्यांनंतरचा दिवस दिला.